एनर्जी ड्रिंक, प्री-वर्कआउट पावडर आणि झोप

एनर्जी ड्रिंक आणि प्री-वर्कआउट पावडर ही तरतरी येण्यासाठी किंवा व्यायामाची क्षमता वाढवण्यासाठी घेतली जाणारी उत्पादने आहेत. पहिले तयार पेय असून ते डब्यात किंवा बाटलीत मिळते. दुसरी पावडर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्यात कालवून पितात. दोहोंतील मुख्य परिणामकारक घटक कॅफीन हा होय. नोकरी वा महाविद्यालय आटोपल्यावर सायंकाळी जिममध्ये जाणारे लोक ही उत्पादने साधारणतः चार ते आठ या वेळेत घेतात. कॅफीन शरीरातून हळूहळू बाहेर पडत असल्यामुळे या वेळी घेतलेल्या मात्रेचा मोठा भाग झोपेच्या वेळीही रक्तात शिल्लक असतो. परिणामी झोपेचा कालावधी आणि गाढ झोपेचे प्रमाण घटते. ही घट सेवन करणाऱ्याला बहुधा जाणवत नाही. शिवाय काही उत्पादनांत कॅफीन वेगवेगळ्या नावांनी विभागलेले असल्याने एकूण मात्रा किती हे लेबलावरून सहज कळत नाही.

कॅफीन झोप कशी अडवते

माणूस जागा असताना मेंदूतील पेशींच्या कामामुळे ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते. ते पेशींवरील ठरावीक ग्राहींना चिकटले की त्या पेशींचे काम मंदावते आणि माणसाला झोप येऊ लागते. जागरण जितके लांबते तितके ॲडेनोसिन अधिक साचते. रात्री येणारी पेंग ही काही अंशी या साठ्याचीच खूण असते. झोपेत हा साठा ओसरतो.

कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना कार्यान्वित करत नाही. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी आणि खरी किल्ली बाहेर राहावी, तसा हा प्रकार आहे. कॅफीन थकवा दूर करत नाही, फक्त थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. ॲडेनोसिन तेवढ्या काळातही साचतच असते. कॅफीन ओसरले की ते एकदम जाणवते, आणि म्हणूनच काही जणांना अशा पेयानंतर काही तासांनी अचानक गळून गेल्यासारखे वाटते.

पोटात गेलेले कॅफीन साधारणतः अर्ध्या ते एक तासात रक्तात सर्वाधिक पातळी गाठते. त्याचे विघटन मुख्यतः यकृतात होते. रक्तातील कॅफीन निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या वेळेस त्याचा अर्धायुकाल म्हणतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत तो सरासरी पाच तास धरला जातो. पाच तासांनी निम्मे, दहा तासांनी पाव आणि पंधरा तासांनी एक अष्टमांश कॅफीन उरते. पाच तासांत कॅफीन ‘संपते’ हा प्रचलित समज या संज्ञेच्या चुकीच्या अर्थातून आला आहे.

कॅफीनचा परिणाम शरीराच्या घड्याळावरही होतो. सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपेच्या तीन तास आधी दुहेरी एस्प्रेसोइतके कॅफीन दिल्यास रात्रीची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे चक्र सुमारे ४० मिनिटांनी पुढे सरकते, असे आढळले. अशा वेळी माणूस नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडला, तरी त्याच्या शरीराच्या लेखी झोपेची वेळ झालेली नसते.

मात्रा आणि वेळ

झोपेवर होणारा परिणाम दोन गोष्टींवर अवलंबून असतो: कॅफीन किती घेतले आणि झोपेच्या किती आधी घेतले. या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

ख्रिस्तोफर ड्रेक आणि सहकाऱ्यांचा २०१३ साली जर्नल ऑफ क्लिनिकल स्लीप मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. त्यात १२ निरोगी व्यक्तींना ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या वेळी, तीन तास आधी आणि सहा तास आधी अशा तीन वेगवेगळ्या वेळी देण्यात आले. सहा तास आधी घेतलेल्या मात्रेनेही यंत्राने मोजलेली झोप एक तासाहून अधिक घटली.

२०२३ साली स्लीप मेडिसिन रिव्ह्यूज या नियतकालिकात अशा २४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार कॅफीनमुळे एकूण झोप सरासरी ४५ मिनिटांनी कमी झाली, झोप लागण्यास सुमारे नऊ मिनिटे अधिक लागली आणि मध्येच जाग येऊन वाया जाणारा वेळ सुमारे १२ मिनिटांनी वाढला. गाढ झोप सुमारे ११ मिनिटांनी घटली. या विश्लेषणात दोन नेहमीच्या सेवनांसाठी वेळेची मर्यादाही काढण्यात आली. सुमारे १०७ मिलिग्रॅम कॅफीन असलेली एक कप कॉफी झोपेच्या किमान ८.८ तास आधी, तर सुमारे २१७.५ मिलिग्रॅम कॅफीन असलेली प्री-वर्कआउट पावडरची एक मात्रा किमान १३.२ तास आधी घ्यावी, असा त्याचा निष्कर्ष होता. रात्री साडेअकराला झोपणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ कॉफी दुपारी पावणेतीनच्या सुमारास थांबवावी आणि पावडर सकाळी सव्वादहापर्यंतच घ्यावी, असा होतो. सायंकाळच्या व्यायामापूर्वी अशी पूर्ण मात्रा घेणे या हिशेबात बसत नाही.

त्यानंतर २३ पुरुषांवर केलेल्या एका नियंत्रित प्रयोगात १०० मिलिग्रॅमची मात्रा झोपेच्या चार तास आधी घेऊनही झोपेवर लक्षणीय परिणाम दिसला नाही; ४०० मिलिग्रॅमचा परिणाम मात्र १२ तास आधी घेतल्यावरही आढळला. लहान मात्रेबाबत हे दोन निष्कर्ष वेगळे आहेत, कारण पहिला अनेक भिन्न अभ्यासांवरून काढलेला अंदाज आहे आणि दुसरा एका लहान गटाचे प्रत्यक्ष मोजमाप आहे. मोठ्या मात्रेबाबत मात्र दोन्ही एकाच दिशेने जातात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१५ च्या अहवालात, झोपेच्या वेळेजवळ घेतलेले १०० मिलिग्रॅम कॅफीन काही प्रौढांची झोप बिघडवू शकते, असे नमूद केले आहे.

लेबलावर सहज न दिसणारे कॅफीन

चहा-कॉफी पिणाऱ्याला आपण कॅफीन घेत आहोत याची जाणीव असते. प्री-वर्कआउट पावडरच्या बाबतीत ती पुढील कारणांनी धूसर होते.

पहिले कारण म्हणजे घटकांची नावे. ‘कॅफीन ॲनहायड्रस’ म्हणजे जलरहित शुद्ध कॅफीन. ते बहुधा ठळकपणे लिहिलेले असते. मात्र त्याच यादीत ग्वाराना, कोला नट, येर्बा माटे किंवा ग्रीन टीचा अर्क असल्यास त्यांतूनही कॅफीनच मिळते. ग्वाराना ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वेल असून तिच्या बियांत कॉफीच्या बियांहूनही अधिक कॅफीन असू शकते. ‘डायकॅफीन मॅलेट’ हे कॅफीन आणि मॅलिक आम्ल यांचे संयुग आहे आणि त्याच्या वजनाचा सुमारे पाऊण भाग कॅफीनचाच असतो. ‘नैसर्गिक स्रोतातून’ असे लिहिलेले असले तरी कॅफीनचा रेणू आणि त्याचा मेंदूवरील परिणाम यांत काहीही फरक नसतो.

दुसरे कारण ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ ही पद्धत. यात अनेक घटकांचे केवळ एकत्रित वजन दिले जाते. प्रत्येकाचे वेगळे प्रमाण दिले जात नाही. अशा मिश्रणातील कॅफीनचा हिशेब ग्राहकाला करताच येत नाही.

तिसरे कारण मोजणीतील चुका. लेबलावरील आकडा ‘एका सर्व्हिंग’साठी असतो, आणि एक सर्व्हिंग म्हणजे काही उत्पादनांत एक स्कूप तर काहींत दोन स्कूप. स्कूप सपाट भरला की शिगेला भरला, पावडर सैल आहे की दबलेली, यांवर तिचे वजन बदलते. उत्पादनातही फरक असू शकतो. ऑस्ट्रेलियातील पावडरींच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत एका सर्व्हिंगमधील कॅफीन ९१ ते ३८७ मिलिग्रॅम इतक्या अंतराने बदलते आढळले, आणि काही डब्यांतील प्रत्यक्ष प्रमाण लेबलावरील आकड्याच्या दीडपटीहूनही अधिक होते.

चौथे कारण संवेदनेचे आहे. अनेक पावडरींत बीटा-ॲलनीन हे अमिनो आम्ल असते. ते घेतल्यावर चेहरा, मान आणि हातांना मुंग्या येतात. पुष्कळ जण या मुंग्यांनाच पावडर ‘चढल्याची’ खूण मानतात. मुंग्या तास-दीड तासात थांबतात आणि परिणाम उतरला असे वाटते. मुंग्यांचा कॅफीनशी संबंध नाही. त्या थांबतात तेव्हा कॅफीनचा बहुतांश भाग रक्तातच असतो.

एका सायंकाळचा हिशेब

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातील मात्रा बाजारातील नेहमीच्या उत्पादनांशी जुळणाऱ्या आहेत. एक तरुण कर्मचारी सकाळी सात वाजता चहा घेतो, दुपारी चार वाजता २५० मिलिलिटर एनर्जी ड्रिंक पितो आणि सायंकाळी सात वाजता पावडरचा एक स्कूप घेऊन जिमला जातो. रात्री साडेअकराला तो झोपतो.

एनर्जी ड्रिंकमध्ये एका लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅफीन धरल्यास २५० मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम येते. पावडरच्या डब्यावर २०० मिलिग्रॅम कॅफीन ॲनहायड्रस असे लिहिले आहे. यादीत त्याखाली २२ टक्के कॅफीन असलेला २०० मिलिग्रॅम ग्वारानाचा अर्क आहे. त्यातून आणखी ४४ मिलिग्रॅम मिळते. म्हणजे एका स्कूपमधील खरे कॅफीन २४४ मिलिग्रॅम आहे. सकाळच्या चहाचे ४० मिलिग्रॅम मिळवून दिवसाची बेरीज ३५९ मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढांसाठी सामान्यतः सुरक्षित मानल्या जाणाऱ्या दिवसाला ४०० मिलिग्रॅम या मर्यादेच्या आतच ती आहे.

आता अर्धायुकाल पाच तास धरून झोपेच्या वेळची स्थिती पाहू. सकाळच्या चहातील कॅफीन जवळजवळ संपलेले आहे. चार वाजताच्या पेयातील सुमारे २६ मिलिग्रॅम आणि सात वाजताच्या पावडरमधील सुमारे १३१ मिलिग्रॅम शिल्लक आहे. एकूण सुमारे १५७ मिलिग्रॅम, म्हणजे एक मोठा कप कॉफी पिऊन अंथरुणावर पडण्याहूनही अधिक. पहाटे साडेचारला ते ७९ मिलिग्रॅमवर येते. सकाळी साडेसहाला गजर वाजतो तेव्हाही सुमारे ६० मिलिग्रॅम रक्तात असते.

दिवसाची मर्यादा आणि झोपेची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या हिशेबावरून दिसते. ४०० मिलिग्रॅमची मर्यादा एकंदर आरोग्याच्या दृष्टीने सांगितलेली आहे. तेवढेच कॅफीन सकाळी घेतले काय आणि सायंकाळी घेतले काय, तिच्या दृष्टीने सारखेच. झोपेच्या दृष्टीने मात्र वेळेला महत्त्व असते.

हा कर्मचारी दुसऱ्या दिवशी कमी झोपेमुळे सुस्त असतो. दुपारच्या पेयाची गरज त्याला अधिक वाटते आणि काही आठवड्यांनी एक स्कूप ‘लागत नाही’ म्हणून तो दीड स्कूप घेऊ लागतो. नियमित सेवनाने शरीर कॅफीनला काही प्रमाणात सरावते, परंतु झोपेवरील परिणाम त्यामुळे पूर्णपणे नाहीसा होत नाही.

न जाणवणारी झोपमोड

‘मला पावडर घेऊनही पडल्या पडल्या झोप लागते’ असे सांगणारे अनेक असतात आणि ते खरेही असते. दिवसभराचे काम, व्यायाम आणि आधीच्या रात्रींची अपुरी झोप यांमुळे साचलेला थकवा कॅफीनवर मात करतो व डोळा लागतो. परंतु झोप लागणे आणि झोप पुरेशी व गाढ होणे या भिन्न बाबी आहेत. कॅफीनमुळे झोप उथळ होते, मध्ये मध्ये काही क्षणांची जाग येते आणि सकाळी ती आठवत नाही. ड्रेक यांच्या प्रयोगात सहा तास आधी कॅफीन घेतलेल्या व्यक्तींच्या स्वतःच्या नोंदींत झोपेतील घट यंत्राइतकी उमटली नाही. वर उल्लेखिलेल्या २३ पुरुषांच्या प्रयोगातही झोपेचा दर्जा खालावल्याचे सहभागींना स्वतःला जाणवले ते ४०० मिलिग्रॅम झोपेच्या चार तास आधी घेतले तेव्हाच.

व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने ही घट विशेष महत्त्वाची असते, कारण शरीरातील वाढ संप्रेरकाचा मोठा स्राव रात्रीच्या पहिल्या भागातील गाढ झोपेत होतो आणि स्नायूंची झीज भरून येण्यासाठी पुरेशी झोप लागते. कॅफीनमुळे त्या दिवशीच्या व्यायामात खरोखरच सुधारणा होऊ शकते. मात्र सायंकाळच्या मोठ्या मात्रेचे मोल त्याच रात्रीच्या विश्रांतीतून वसूल होते.

परिणाम ओळखण्याचा सोपा मार्ग तुलनेचा आहे. दोन आठवडे झोपेच्या व उठण्याच्या वेळा, रात्रीची जाग आणि दुपारी येणारी पेंग यांची नोंद ठेवावी. पुढील दोन आठवडे दुपारनंतर कॅफीन न घेता तशीच नोंद करावी. बंद केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात डोकेदुखी व मरगळ येऊ शकते, म्हणून तुलना दुसऱ्या आठवड्याशी करावी. सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय नेहमीपेक्षा बराच वेळ अधिक झोप लागणे हेही अपुऱ्या झोपेचे लक्षण समजले जाते.

व्यक्तिपरत्वे फरक

पाच तासांचा अर्धायुकाल ही सरासरी आहे. प्रत्यक्षात तो निरोगी व्यक्तींतही सुमारे दोन ते दहा तास असू शकतो. कॅफीनचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकराची कार्यक्षमता काही अंशी आनुवंशिक असते. धूम्रपानामुळे हे विघटन जलद होते. म्हणून धूम्रपान सोडणाऱ्या व्यक्तीत तेवढ्याच कॅफीनचा परिणाम अधिक काळ टिकतो. तोंडाने घेतल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे अर्धायुकाल जवळजवळ दुप्पट होतो आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो आणखी वाढतो. नैराश्यावरील फ्लुवोक्झामिन या औषधाने विघटन फारच मंदावते.

वरील उदाहरणातील व्यक्तीचा अर्धायुकाल पाचऐवजी आठ तास धरला, तर झोपेच्या वेळी १५७ ऐवजी सुमारे २०४ मिलिग्रॅम कॅफीन शिल्लक राहते. एकाच जिममधील दोन मित्रांना एकाच स्कूपचा वेगवेगळा अनुभव येण्याचे हे एक कारण आहे. वजन कमी असलेल्या किशोरवयीन मुलांत तेवढ्याच मात्रेचा परिणाम अधिक होतो.

भारतातील नियम

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार कॅफीनयुक्त पेयात एका लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. अशा पेयावर कॅफीनचे प्रमाण जास्त असल्याची सूचना, तसेच ते मुले, गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि कॅफीनला संवेदनशील व्यक्ती यांच्यासाठी योग्य नसल्याचा इशारा छापावा लागतो. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात अधिक कॅफीन असलेल्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीस बंदी घालण्याबाबत विधान परिषदेत घोषणा केली.

हे मानक तयार पेयांपुरते आहे. पावडर पूरक आहार म्हणून विकली जाते आणि ती किती पाण्यात कालवायची हे घेणाराच ठरवतो. त्यामुळे लिटरमागील मर्यादेचा तिच्या बाबतीत उपयोग होत नाही. पाणी कमी-अधिक केल्याने चव बदलते, पण पोटात जाणारे कॅफीन तेवढेच राहते.

सेवन कमी करताना

रोज मोठी मात्रा घेणाऱ्याने कॅफीन एकदम बंद केल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड व सुस्ती सुरू होऊ शकते. ही लक्षणे पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतात आणि साधारणतः दोन ते नऊ दिवस टिकतात. ती टाळण्यासाठी मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जाते: आधी सायंकाळचे एनर्जी ड्रिंक बंद करणे, नंतर पाऊण, अर्धा आणि पाव स्कूप असे उतरत जाणे. स्कूपच्या अंदाजाऐवजी वजनकाटा वापरल्यास मात्रा अधिक नेमकी कळते. ‘नॉन-स्टिम’ किंवा ‘स्टिम-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींत कॅफीन नसणे अपेक्षित असते, तरीही घटकांच्या यादीत ग्वाराना वा चहाचा अर्क नाही ना, हे पाहावे लागते.

पावडर पाण्याशिवाय कोरडीच तोंडात टाकण्याची पद्धत धोकादायक आहे. ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि संपूर्ण मात्रा एकाच वेळी पोटात जाते. सेवनानंतर छातीत दुखणे, हृदयाची अनियमित धडधड, वारंवार उलट्या, भोवळ किंवा झटके ही लक्षणे दिसल्यास ते झोपेपुरते राहत नाही. अशा व्यक्तीस तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. सोबत पावडरचा डबा नेल्यास डॉक्टरांना मात्रेचा अंदाज घेता येतो.